उत्पन्नाचा चक्राकार प्रवाह: मग मालकाचा नफा येतो कुठून?

शेवंती
मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. काल रात्री दहा वाजता अर्थशास्त्राची वही घेऊन आली. वहीत दोन चौकोन, एकात ‘कुटुंबे’, दुसऱ्यात ‘उत्पादनसंस्था’. दोघांच्या मध्ये बाण. कुटुंबांकडून श्रम, जमीन, भांडवल उत्पादनसंस्थांकडे जातं आणि उलट दिशेने पगार, भाडं, व्याज येतं. खालच्या बाजूला तेच पैसे दुकानात जातात आणि वस्तू घरी येतात. इथवर मलाही कळलं.

मग तिने विचारलं, “कारखान्याने लोकांना ८० रुपये वाटले आणि माल १०० ला विकला. मग वरचे २० लोकांकडे आले कुठून? गोलात तर ८०च सोडले होते.”

मी म्हटलं, बाबांना विचार. बाबा म्हणाले, झोप आता. म्हणून इथे विचारतेय. घोकंपट्टी नको, ती वहीत आहेच.

हरितपर्ण
छान विषय. आमच्या सोसायटीत आम्ही दोन वर्षांपासून ओला-सुका कचरा वेगळा करतो, ओल्याचं खत गच्चीवरच्या कुंड्यांना जातं. प्लॅस्टिकवाला महिन्यातून दोनदा येतो. एकदा वापरलेली वस्तू परत चक्रात आली तरच ही अर्थव्यवस्था टिकेल. मुलीला प्रकल्प करायचा असेल तर फोटो पाठवतो.

शेवंती
@हरितपर्ण, ती चक्राकार अर्थव्यवस्था वेगळी हो. इथे कचरा नाही, पगार फिरतोय. पण फोटो पाठवा, आमच्या सोसायटीला दाखवायचेत.

बिनधास्त_बंड्या
सोपं आहे. एकच नोट पाच हातांतून जाते. १०० ची नोट मी न्हाव्याला दिली, त्याने वाण्याला, वाण्याने दूधवाल्याला, दूधवाल्याने पेंड विकणाऱ्याला. नोट एक, उत्पन्न झालं ४०० रुपयांचं. त्यामुळे ८० सोडून १०० गोळा होण्यात काही नवल नाही, ८०००ही गोळा होतील. बाजारात पैसा फिरता हवा, बाकी सगळं पुस्तकी.

अंक_अनंत
बंड्या, नोटेबद्दल तुमचं बरोबर, हिशेबाबद्दल चूक. त्याकडे नंतर येतो. मी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे असले बाण आयुष्यभर मोजले. पण मुलीचा प्रश्न भल्याभल्यांनी टाळलेला आहे, तो आधी घेऊ.

तिची अडचण अशी की तिने ‘कुटुंबे’ या चौकोनात फक्त कामगार बसवलेत. मालकाला घर नाही का? तोही त्याच चौकोनात राहतो. जागेचं भाडं घेणारी बाई, कर्ज देणारा, मालक, सगळे तिथलेच. नफा म्हणजे गोलाबाहेरून आलेला पैसा नव्हे. पगारासारखाच तोही कुटुंबांकडे जाणाऱ्या बाणाचा एक पदर आहे. ८० पगाराचे आणि २० नफ्याचे, मिळून १०० घरी गेले.

पण एवढ्याने हुशार मुलीचं समाधान होणार नाही. ती म्हणेल, नफा माल विकल्यावर मिळतो, आधी नाही, मग मालकाने ते २० आणले कुठून? म्हणून एक छोटं गाव मांडतो. आकडे माझे, मनचे.

गावात एक बेकरी आहे. महिन्याला १,००,००० रुपयांचा पाव विकते. त्यातले ४०,००० पिठाच्या गिरणीला जातात, आणि गिरणीवाले व गहू पिकवणारे मिळून ते सगळे घरी नेतात. बेकरीतले तीन कामगार प्रत्येकी १२,००० घेतात, म्हणजे ३६,०००. जागेचं भाडं ८,०००. कर्जाचं व्याज २,०००. मालकाला उरतात १४,०००. मालकाला ॲसिडिटी आहे, तो पाव खात नाही. तो आपले १४,००० गावातल्या शिंप्याकडे कपडे शिवण्यात घालवतो.

आता पाव कोण विकत घेतंय बघा. गिरणी आणि शेतकरी ४०,००० चा, कामगार ३६,००० चा, भाडेवाली ८,००० चा, सावकार २,००० चा. झाले ८६,०००. उरलेला १४,००० चा पाव शिंपी घेतो. शिंप्याकडे पैसे कुठून आले? मालकाने दिले. म्हणजे मालकाच्या खिशात जो नफा पडतो तो त्यानेच शिंप्याकडून फिरवून आणलेला असतो.

शेवंती
थांबा, तिला वाचून दाखवते.

शेवंती
ती म्हणते, पहिल्या महिन्याला काय? मालकाने शिंप्याला द्यायला १४,००० आधी हवेत ना.

अंक_अनंत
शाबास. दोन वाटा आहेत. एक, मालकाच्या पेटीत आधीचे काही पैसे असतात, धंदा सुरू करताना प्रत्येकाकडे असतातच. दुसरी जास्त मजेची. शिंपी महिनाभर पाव उधारीवर नेतो, मालक कपडे उधारीवर शिवून घेतो, आणि तीस तारखेला दोघे वह्या समोरासमोर ठेवतात. तुझे १४,०००, माझे १४,०००, फाडा चिठ्ठ्या. एकही नोट हलली नाही. पाव एका दिशेने गेला, कपडे उलट दिशेने आले.

म्हणून मी शिकाऊ मुलांना सांगायचो, वस्तूचा बाण आधी काढा. पैशाचा बाण त्याच्या उलट काढा आणि त्यावर लिहा ‘याबद्दल’. पीठ दिलं, याबद्दल ४०,०००. घाम गाळला, याबद्दल १२,०००. ज्या पैशाच्या बाणासमोर उलटा वस्तूचा किंवा कामाचा बाण सापडत नाही तो या गोलातला नाही. नातवाला वाढदिवसाला दिलेले पाचशे रुपये या आकृतीत कुठेच बसत नाहीत, कारण त्याबद्दल नातवाने काही केलेलं नाही. केक खाल्ला तेवढंच.

भट्टीवाला
मी खरोखरचा बेकरीवाला. सांगलीकडे. अनंतकाका, तुमच्या बेकरीत लाकूड, वीज, यीस्ट, मीठ, तेल, डिलिव्हरीची रिक्षा काहीच नाही, हे बघून डोळ्यांत पाणी आलं. आणि तीन माणसांत महिन्याला लाखाचा पाव? मालक स्वतः पहाटे तीनला उठत असणार. तरीही माझा प्रश्न: मालकाने कपडे शिवले नाहीत, पैसे साठवले, तर? मी साठवतोच की. नवीन ओव्हन घ्यायचाय.

अंक_अनंत
भट्टीवाले, सगळं घातलं असतं तर अकरावीची मुलगी पळाली असती. तुम्ही मात्र नेमक्या जागी बोट ठेवलंत.

समजा मालक म्हणाला, या महिन्यात कपडे नकोत, १४,००० ट्रंकेत टाकू. शिंप्याला काम मिळालं नाही. शिंप्याने पाव घेतला नाही. पाव विकला गेला ८६,००० चा. मालकाने पीठ, पगार, भाडं, व्याज मिळून दिले किती? बरोबर ८६,०००. मग ट्रंकेत टाकायला उरलं काय? शून्य. त्याने बचत करायची ठरवली आणि त्या ठरवण्यामुळेच नफा रोख हाती आला नाही. त्याचा नफा १४,००० रुपयांच्या न विकलेल्या पावाच्या रूपाने फळीवर पडून आहे.

पुढच्या महिन्यात तो शहाणा होऊन पाव कमी भाजतो. एका कामगाराला नको म्हणतो, पीठ कमी उचलतो. मग गिरणीवाल्याचं उत्पन्न घटतं, तोही पाव कमी घेतो. गावात कोणी आळशी झालं नाही, भट्टी बिघडली नाही, गहू कमी पिकला नाही, तरी सगळे थोडे गरीब झाले. आकृतीत बाणावर जे ‘गळती’ असं लिहितात ना, ती ही. भोक पडतं एकीकडे आणि ओल दिसते दुसऱ्याच घरी, शिंप्याच्या.

तुमचा ओव्हन ही मात्र वेगळी गोष्ट. तुम्ही तेच १४,००० गवंड्याला दिलेत आणि त्याने नवी भट्टी बांधली, तर शिंप्याच्या जागी गवंडी आला. तो पाव घेईल, गोल पूर्ण. तुम्ही स्वतः बांधायची गरज नाही. पैसे बँकेत टाकले आणि बँकेने ते घर बांधणाऱ्याला दिले तरी चालेल. अडचण तेव्हा येते, जेव्हा साठवणारे खूप असतात आणि बांधणारं कोणीच पुढे येत नाही.

भट्टीवाला
न विकलेला पाव फळीवर राहत नाही हो. दुसऱ्या दिवशी त्याचे टोस्ट होतात, उरलेल्याचा चुरा कटलेटवाले नेतात. पण दर पडतो, निम्म्याहून कमी. त्यामुळे ‘१४,००० चा पाव पडून आहे’ हा तुमचा नफा कागदावरचा. माझा सीए तो धरू देणार नाही.

अंक_अनंत
तुमचा सीए बरोबर आहे. पावाचा साठा दुसऱ्या दिवशी साठा राहत नाही. मी पाव निवडला हे चुकलंच. कापड घ्यायला हवं होतं. कापडाचा तागा न खपता गोदामात गेला तर तो टिकतो, आणि राष्ट्रीय हिशेबात ‘साठ्यातील वाढ’ म्हणून गुंतवणुकीच्या बाजूला लिहिला जातो. म्हणजे आकडेवारीत गुंतवणूक वाढलेली दिसते तेव्हा तिच्यात नवे ओव्हन किती आणि न खपलेले तागे किती, हे पाहावं लागतं. नुसता एकूण आकडा पाहून आनंद होणारे मी फार बघितले.

बिनधास्त_बंड्या
काका, माझ्याकडे ‘नंतर येतो’ म्हणाला होतात. तुमच्याच गावाचा हिशेब करतो. पीठ ४०,०००, पाव १,००,०००, कपडे १४,०००. गावाचं उत्पन्न १,५४,०००. बरोबर?

अंक_अनंत
नाही. १,१४,०००. पिठाचे ४०,००० पावाच्या १,००,००० मध्ये आधीच आहेत. पाव खाणाऱ्याने पीठही त्यातच खाल्लं, वेगळं नाही खाल्लं. तुम्ही गिरणीची विक्री एकदा पीठ म्हणून धरली आणि एकदा पावाच्या पोटात.

दुसऱ्या बाजूने ताडून बघा. घरी गेलेले पैसे मोजा. गिरणी व शेतकरी ४०,०००, बेकरीतले सगळे मिळून ६०,०००, शिंपी १४,०००. बेरीज १,१४,०००. दोन्हीकडून आकडा जुळला की समजायचं, कुठला बाण दोनदा मोजला नाही. तुमच्या १,५४,००० इतके पैसे घरी नेणारी माणसं मला त्या गावात शोधून द्या.

नोटांबद्दल मात्र तुम्ही बरोबर. हा १,१४,००० म्हणजे वाहतं पाणी, नोटा म्हणजे हौदातलं. बेकरीने महिन्याऐवजी दर आठवड्याला हिशेब चुकता केला तर साधारण चौथा हिस्सा नोटांत तेवढाच व्यवहार होतो. पण नोट जलद फिरली म्हणून पाव जास्त भाजला गेला, असं नाही. न्हाव्याच्या, वाण्याच्या गोष्टीतसुद्धा ४०० रुपये उत्पन्न म्हणता, पण वाण्याला मिळालेल्या शंभरातले बहुतेक साखरेच्या घाऊक व्यापाऱ्याचे. वाण्याचं उत्पन्न त्यातले पाच-सात रुपये.

बिनधास्त_बंड्या
पाच-सात? आमचा वाणी ऐकेल तर रडेल. पण ठीक आहे, पिठाचं मान्य. न्हाव्याचे तरी पूर्ण १०० धरा, तो कात्री खात नाही.

थेम्सकाठी
इथे लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हा गोल पाण्याने चालवून दाखवणारं यंत्र ठेवलेलं आहे. बिल फिलिप्स नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखवलं. आधी तो इंजिनीअर, युद्धात जपान्यांच्या कैदेत होता, नंतर अर्थशास्त्र शिकायला आला आणि क्रॉयडनला घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये हे बांधलं. माणसापेक्षा उंच, पारदर्शक टाक्या आणि नळ्या. पाणी म्हणजे उत्पन्न. ते वरून खाली येतं, वाटेत एक नळी कर काढून घेते, एक बचत, एक आयात. खाली पोचल्यावर पंप ते पुन्हा वर चढवतो. बचतीची टाकी भरत गेली आणि गुंतवणुकीचा नळ बंद असला की मुख्य धार बारीक होते. अनंतकाकांच्या शिंप्याचं जे झालं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

पण ते पाहताना मला प्रश्न पडला होता. त्यात पाणी एकाच प्रकारचं आहे, पैशाचं. वस्तूंसाठी उलट्या दिशेने वाहणारं दुसरं पाणी नाही. का नसेल?

अंक_अनंत
कारण वस्तू गोल फिरत नाहीत. हे वहीतली आकृती लपवते. पैसा खरंच फिरतो, शिंप्याकडची नोट बेकरीत, बेकरीतून कामगाराकडे, तीच नोट. पण पाव बेकरीतून घरी आला की खाल्ला गेला, संपला. घरातून बेकरीकडे गेलं ते श्रम, पाव नव्हे. आत शिरताना घाम, बाहेर पडताना पाव, आणि पाव पोटात गेला की संपला. दोन चौकोन जोडून बाण काढले म्हणून ते वर्तुळ दिसतं. फिलिप्सने पैसाच वाहवला, ते त्याच्या दृष्टीने रास्तच होतं.

थेम्सकाठी
हे मला पटत नाही. पाव खाल्ला म्हणूनच कामगार उद्या कामावर येतो ना? पाव श्रम होऊन परत गेलाच की. माणसं काय आपोआप उगवतात?

अंक_अनंत
तात्त्विकदृष्ट्या तुमचं म्हणणं जुनं आणि वजनदार आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी वैद्य केने याने पहिला असा तक्ता मांडला, १७५८ मध्ये. त्याच्या तक्त्यात शेतकऱ्याच्या पोटात जाणारं धान्य हा पुढच्या पिकाचाच खर्च होता, म्हणजे तुमच्याच बाजूचा. आपली आजची मोजणी मात्र जेवणाला अंतिम उपभोग म्हणते, कच्चा माल म्हणत नाही. भट्टीवाल्याच्या लाकडाला कच्चा माल म्हणते आणि त्याच्या कामगाराच्या भाकरीला म्हणत नाही. माणूस कामासाठी लागणारं इंधन म्हणून जेवत नाही, असा त्यामागचा विचार. तुम्हाला तो दांभिक वाटला तर मी वाद घालणार नाही.

लालबागकर
तीन दिवस वाचतोय. माझं बालपण गिरणगावात गेलं. वडील कापडगिरणीत साचेवाले. मावशी खाणावळ चालवायची, दहा बाय बाराच्या खोलीत, चाळीस-पंचेचाळीस जेवणारे. बहुतेक कोकणातले, साताऱ्याकडचे एकटे पुरुष. बायकामुलं गावी. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, तिन्ही पाळ्यांच्या वेळा मावशीला पाठ. जेवण रोज, पैसे महिन्याच्या पगाराला. लाल पुठ्ठ्याची वही होती, प्रत्येकाचं एक पान.

तुमच्या आकृतीत ती कुठे बसेल हे मी विचार करून थकलो. राहायची त्याच खोलीत. चूल घरचीही आणि धंद्याचीही. आमच्यासाठी केलेली भाकरी आणि खानावळीची भाकरी एकाच तव्यावरची. ती कुटुंब की उत्पादनसंस्था?

अंक_अनंत
लालबागकर, या प्रश्नाने आमच्या खात्याला कायम घाम फोडला. आकृतीत चौकोन दोन, आणि भारतातल्या फार मोठ्या संख्येच्या घरांत ते दोन्ही एकाच छपराखाली. मावशी स्वतःला पगार देत नव्हती, भाडं देत नव्हती. वर्षअखेरीस उरलं ते पगार किती, नफा किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. म्हणून आम्ही त्याला ‘मिश्र उत्पन्न’ म्हणतो आणि वेगळं करायचा नाद सोडतो. शेतकरी, टपरीवाला, घरी शिवणकाम करणारी, सगळे याच खणात.

आणि एका तव्यावरच्या दोन भाकऱ्यांचं उत्तर ऐकून हसू नका. खानावळीची भाकरी देशाच्या उत्पन्नात धरतात, तुम्हाला वाढलेली नाही. तुमच्या भाकरीच्या उलट पैशाचा बाण नव्हता.

शेवंती
म्हणजे मी रोज करते ते शून्य?

अंक_अनंत
हिशेबात, हो. गंमत म्हणजे तुमचं घर स्वतःचं असेल तर तुम्ही स्वतःलाच भाडं देता असं मानून ते मात्र धरतात. घर धरलं, घर चालवणारी धरली नाही. यावर जगभर टीका होते आणि मला ती योग्य वाटते.

लालबागकर
माझं पुढचं ऐका. पगाराच्या दिवशी वडील पाकीट आणायचे. आधी मावशीचं पान, मग वाण्याचं, मग गावी मनीऑर्डर. आजूबाजूच्या प्रत्येक खोलीतून मनीऑर्डर जायची. कोकणातली किती घरं त्यावर उभी होती. अनंतकाका, ही तुमची गळती का?

अंक_अनंत
गिरणगावापुरता गोल काढलात तर गळती. कोकणही त्याच कागदावर घेतलंत तर नाही, तो पैसा तिथल्या वाण्याकडे पोचला. आकृतीची हद्द कुठे आखायची हे काढणाऱ्याच्या हातात. गिरणगावात पैसा यायचाही बाहेरूनच. तिथलं कापड तिथल्याच लोकांनी थोडंच नेसलं? ते देशभर खपायचं, त्याचे पैसे गिरणीत यायचे, मग पगारात. एकट्या वस्तीचा गोल स्वतःवर कधीच चालत नाही.

लालबागकर
म्हणूनच बाहेरचा पैसा थांबला तेव्हा सगळं गेलं. १८ जानेवारी १९८२, डॉक्टर सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिल्या महिन्यात काही दिसलं नाही. खाणावळ सुरू, वाणी उधार देतोय, मावशी वहीत लिहितेय. जेवणाचा बाण चालू, पैशाचा बंद. तीन-चार महिन्यांनी वाणी हात आखडता घ्यायला लागला, कारण त्याला पुढचा घाऊकवाला उधार देईना. मग मावशीच्या पानांतली माणसं एकेक करून गावी गेली. काही सांगून, काही न सांगता.

मोठे लोक संपावर बोलतात तेव्हा कामगार आणि मालक एवढंच बोलतात. खाणावळवाली कुठल्याच बाजूला नव्हती. तिने ना संप केला ना टाळेबंदी.

थेम्सकाठी
माझ्या आजीकडून अन्नपूर्णा महिला मंडळाचं नाव ऐकलंय. ते याच बायकांचं ना?

लालबागकर
हो. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये सुरू केलं. तोवर महिन्याच्या सुरुवातीला तांदूळ-डाळ भरायला बायका सावकाराकडे जायच्या आणि मिळवलेलं बरंचसं व्याजात जायचं. मंडळामुळे बँकेचं कर्ज मिळायला लागलं. संपात तेही फेडणं जड गेलं, पण सावकाराच्या दारापेक्षा बरं.

अंक_अनंत
लालबागकरांनी जे सांगितलं ते पुस्तकात नसतं. आकृतीत दोन्ही बाण एकाच वेळी धावताना दाखवतात. प्रत्यक्षात मध्ये उधारी असते आणि तिच्यामुळे खालचा भाग वरच्यापेक्षा उशिरा बंद पडतो. पगार जानेवारीत थांबला, भाकरी मेमध्ये. बाहेरच्याला वाटतं, लोक कसे तग धरून आहेत. खरं म्हणजे वहीची पानं भरत असतात. एखाद्या भागात मंदी आलीय का हे ओळखायला मी दुकानाची विक्री बघत नाही. वाण्याला विचारतो, उधारी किती दिवसांची झाली? महिन्याची दोन महिन्यांवर गेली असेल तर वर कुठेतरी पगार अडलेला असतो.

भट्टीवाला
हे अगदी खरं. हॉटेलवाले पंधरा दिवसांवरून पंचेचाळीसवर गेले की मी मैद्याची ऑर्डर कमी करतो. पेपरात नंतर येतं.

बिनधास्त_बंड्या
काका, तुमच्या गावात दोन्हीकडून १,१४,००० जुळले. देशाच्या हिशेबात जुळतात?

अंक_अनंत
नाही. जुळायलाच हवेत, पण नाहीत. उत्पादनाच्या बाजूने काढलेला आकडा आणि लोकांनी, सरकारने, कंपन्यांनी खर्च केलेल्याची बेरीज यांत फरक राहतो, आणि आपल्याकडच्या तक्त्यात तो ‘विसंगती’ अशी चक्क एक ओळ देऊन छापतात. कधी अधिक, कधी उणे. कारण दोन्ही बाणांची माहिती वेगवेगळ्या लोकांकडून येते, आणि मावशीसारख्यांकडून तर अंदाजानेच. कोणी म्हणतं ही लबाडी आहे. माझ्या मते ओळ न छापता आकडे ओढूनताणून जुळवले असते तर ती लबाडी झाली असती. पण ती ओळ खूप मोठी झाली की मात्र विचारायला हवं, आणि किती मोठी म्हणजे खूप मोठी, यावर आम्हा जुन्या सहकाऱ्यांचं आजही भांडण होतं.

शेवंती
मुलीने वहीत कुटुंबाच्या चौकोनात मालकाचं घर काढलंय, बाहेर शिंपी उभा. मॅडमनी विचारलं, हा कोण? ती म्हणाली, नफा. मॅडमनी अजून वही परत दिलेली नाही.

लालबागकर
अनंतकाका, एक शेवटचं. मावशीच्या वहीत संपाच्या वर्षाची अकरा पानं कधीच फिटली नाहीत. माणसं गावी गेली, पत्ते नव्हते, तिने शोधलंही नाही. वही अजून माझ्याकडे आहे. जेवण गेलं, पैसा आला नाही. ही अकरा पानं तुमच्या हिशेबात कुठे?

अंक_अनंत
तत्त्वाने सांगतो. ज्या दिवशी ताट वाढलं त्या दिवशी विक्री झाली, उधारीवर का होईना. म्हणजे उत्पादन धरलं, मावशीचं उत्पन्नही धरलं. पुढे पैसे बुडाले तर ते उत्पन्न मागे जाऊन पुसत नाहीत. मालमत्ता कमी झाली असं वेगळ्या खात्यात जातं.

लालबागकर
म्हणजे हिशेबाने त्या वर्षी मावशीने कमावलं.

अंक_अनंत
हिशेबाने, हो.